कोकणकड्यावरचा सूर्यास्त: टाइम-लॅप्सची तयारी

हरिश्चंद्रगडावर निघण्याआधी घरीच कागद-पेन घेऊन बसा आणि हिशेब शेवटाकडून सुरू करा. क्लिप किती सेकंदांची हवी? समजा 18. व्हिडिओ 25 फ्रेम प्रतिसेकंदाचा, म्हणजे 450 फोटो लागतील. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, म्हणून सव्वापाच ते साडेसहा अशी पंचाहत्तर मिनिटं टिपायची. म्हणजे 4500 सेकंद. त्याला 450 ने भागलं की दर 10 सेकंदांनी एक फोटो.

```
फोटो = 18 × 25 = 450
अंतर = 4500 ÷ 450 = 10 सेकंद
```

पण हे उत्तर अजून पक्कं धरू नका, कारण ढगांचा वेग या गणितात आलेलाच नाही. दूरच्या संथ ढगांना 10 सेकंद चालतात. कड्याखालून वर चढणारं धुकं मात्र तेवढ्या वेळात चौकटीचा मोठा भाग ओलांडतं आणि क्लिपमध्ये ते वाहत नाही, उड्या मारतं. म्हणून जागेवर पोचल्यावर आधी दहा फोटो काढा आणि स्क्रीनवर भराभर पुढे सरकवून बघा. धुक्याचा एखादा पुंजका धरून ठेवा. पुढच्या फोटोत तोच पुंजका ओळखता आला नाही, तर अंतर कमी करायला हवं. मी शंका असली की सरळ 5 सेकंद ठेवतो. फोटो 900 होतात, क्लिप 36 सेकंदांची होते. नंतर एकाआड एक फोटो गाळला की पुन्हा 18 सेकंद. जास्तीचे फोटो गाळता येतात, न काढलेले कुठून आणणार?

कार्डाची सोय याच आकड्यावरून करायची. माझी एक रॉ फाइल साधारण 25 एमबीची, म्हणजे 900 फोटोंना साडेबावीस जीबी. 32 चं कार्ड पुरेल, पण रिकामं असेल तरच.

आता एक्स्पोजर. अंधार पडेल तसा शटर लांबवावा लागतो, पण तो अंतराला भिडता कामा नये. 5 सेकंदांच्या अंतरात मी 3 सेकंदांवर थांबतो आणि पुढे आयएसओ वाढवतो. उरलेला वेळ फोटो कार्डावर लिहायला लागतो. ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ आठवणीने बंद करा. ते चालू असलं की कॅमेरा प्रत्येक लांब फोटोनंतर तेवढ्याच वेळाची एक काळी फ्रेम घेतो. 3 आणि 3 मिळून 6 सेकंद, आणि पुढचा फोटो हुकतो. माझी एक अख्खी संधिप्रकाशाची वेळ अशीच वाया गेली. घरी आल्यावर क्लिप मध्येच पळताना दिसली तेव्हा कळलं. फोकस आणि व्हाइट बॅलन्स हाताने पक्के करा, नाहीतर रंग लुकलुकतात.

गड सोडण्याआधी पहिल्या आणि शेवटच्या फोटोचे क्रमांक वजा करून बघा. फरक 900 च्या आसपास असायला हवा.