स्कोअर चोवीस, आणि तरीही आयसीयू

ठाण्यात कॅज्युअल्टीला नव्याने लागणाऱ्यांसाठी लिहितोय. फेब्राइल न्यूट्रोपेनियाची व्याख्या तुम्हाला येते: एकदा १०१ किंवा तासभर १००.४ फॅरनहाइट ताप आणि न्यूट्रोफिल ५०० च्या खाली, किंवा ४८ तासांत तिथे जाणारे. मलाही येत होती. तरी फसलो.

कळव्याच्या ४६ वर्षांच्या बाई, स्तनाचा कॅन्सर, केमोचा दहावा दिवस. रात्री साडेअकराला आल्या तेव्हा ताप ९९, बीपी ११०. नवरा म्हणाला, "घरी १०२ होता डॉक्टर, क्रोसिन दिली, उतरला." मी ते कागदावर लिहिलं आणि विसरलो. खरं तर त्याच वाक्यावर निदान झालं होतं. गोळीने उतरलेला ताप हा तापच धरायचा.

मी मॅस्क स्कोअर काढला. त्रास मध्यम ३, बीपी ठीक ५, सीओपीडी नाही ४, सॉलिड ट्यूमर ४, सलाइन लागावी इतकं डिहायड्रेशन नाही ३, घरून आल्या ३, वय साठच्या आत २. एकूण २४. एकवीस किंवा त्याच्या वर म्हणजे लो रिस्क. म्हटलं, सीबीसी येऊ दे. रिपोर्ट आला सव्वाला, न्यूट्रोफिल १८०. मग चिठ्ठी, मग नवरा खाली मेडिकलच्या रांगेत. पिप-टॅझोचा पहिला डोस चढला तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि बीपी ८४. तोच स्कोअर पुन्हा मांडा: त्रास ०, बीपी ०, डिहायड्रेशन ०. उरले १३.

चूक बेरजेत नव्हती. पेशंटला कुठे ठेवायचं आणि पुढची औषधं तोंडाने द्यायची की शिरेतून, हे स्कोअर सांगतो. पहिला डोस कधी द्यायचा, हे तो सांगतच नाही. डोस साठ मिनिटांत, आणि घड्याळ पेशंट दारात आल्यापासून चालू. केमो होऊन सहा आठवडे झाले नसतील तर सीबीसीची वाट बघू नका. दोन ब्लड कल्चर घ्या. पोर्ट किंवा पिक असेल तर एक त्यातून. शीर सापडत नाही म्हणून अर्धा तास टोचत बसू नका. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरबद्दल माझं मत वाईटच आहे, आकडा दिसला की हात थांबतो.

घाबरू मात्र नका. खरोखर लो रिस्क असलेल्यांना पहिल्या डोसनंतर निदान चार तास बघून सिप्रोफ्लॉक्सासिन आणि ॲमॉक्सि-क्लॅव्हवर घरी पाठवता येतं. फक्त घर तासाभरात परत येण्याजोगं हवं आणि सोबतीला माणूस हवं. कसाऱ्याच्या पेशंटला रात्री लोकल बंद झाल्यावर हे जमणार नाही. त्याला ठेवून घ्या.

बाईंच्या कल्चरमध्ये ई. कोलाय आला. सहा दिवस आयसीयूत काढून त्या घरी गेल्या. मला सरांनी काही शिकवलं नाही, शिकवलं ते रात्रपाळीच्या सिस्टरने. दुसऱ्या दिवशी तिने पिप-टॅझोच्या साडेचार ग्रॅमच्या दोन व्हायल कॅज्युअल्टीच्या कपाटात आणून ठेवल्या आणि म्हणाली, "आधी हे चढवायचं, बिल नंतर."