एक टनाचा एसी: थ्री स्टार की फाइव्ह स्टार?

दुकानदार स्टार दाखवतो. तुम्ही लेबलवरचे वार्षिक युनिट बघा. तो आकडा वर्षाला 1600 तास धरून काढलेला असतो. मुंबईत मार्च ते मे, 90 रात्री, रोज आठ तास एसी लावला तर 720 तास होतात, म्हणून त्याला 0.45 ने गुणा.

समजा थ्री स्टारवर 650 आणि फाइव्ह स्टारवर 510 युनिट लिहिलेत. उन्हाळ्याचे झाले साधारण 293 आणि 230. फरक 63 युनिट. दर मात्र बिलातल्या सर्वात वरच्या स्लॅबचा घ्या, कारण एसीचे युनिट तिथेच चढतात. तो 10 रुपये धरला तर बचत 630 रुपये. किंमतीतला फरक 7000 असेल तर भरून यायला अकरा उन्हाळे! ऑक्टोबरातही एसी चालत असेल किंवा दुपारीही कोणी घरी असेल, तर हिशोब पुन्हा मांडा.