चॅटवरून पहिल्या कॉफीपर्यंत : विचारताना या चुका टाळा

तीन आठवडे छान गप्पा चालतात. समोरूनही प्रश्न येतात, दिवसभरातल्या गमती येतात, आणि मग भेटायचं विचारणारा एकच मेसेज सगळं अवघडून टाकतो. बहुतेक वेळा नकार माणसाला नसतो, तो मेसेजमधल्या ओझ्याला असतो. म्हणून इथे एकच मेसेज घेऊन तो नीट उलगडून पाहू.

जुळे सोलापूरमधल्या ओळखीच्या एका मुलाने पाठवण्याआधी मला दाखवलेला हा मेसेज. मुलगी बँकेत काम करते, ओळख एका मित्राच्या लग्नात झालेली.

‘तुला राग येणार नसेल तर एक विचारू? खूप दिवसांपासून मनात आहे. रविवारी भेटशील का? फक्त एकदा. मी घ्यायला येतो. प्लीज नाही म्हणू नकोस.’

मनापासून लिहिलंय, यात शंका नाही. पण वाचणारीच्या बाजूने बघा. पहिल्याच वाक्यात राग आला. म्हणजे पुढे काहीतरी रागावण्यासारखं असणार, असं तिला वाटणारच. ‘एक विचारू?’ असं विचारून थांबलं की ती ‘विचार ना’ म्हणेपर्यंत तिच्या छातीत धडधड होते, आणि कॉफीचा साधा प्रश्नही मग मोठा होऊन बसतो. परवानगी मागू नका, थेट विचारा.

‘खूप दिवसांपासून मनात आहे’ हे वाक्य खरं असेल, पण ते पहिल्या भेटीनंतरचं आहे. आत्ता ते लिहिलं की ‘हो’ म्हणणं म्हणजे कॉफीला हो म्हणणं राहत नाही, त्या मनातल्या सगळ्यालाच हो म्हणणं होतं. याच्या उलटी चूकही होते : ‘असंच, फक्त मित्र म्हणून भेटू’. तुमच्या मनात तसं नसेल तर तसं लिहू नका, पुढे ते फसवल्यासारखं वाटतं. ‘तुझ्याशी बोलायला छान वाटतं, म्हणून प्रत्यक्ष भेटावंसं वाटलं’ एवढं खरंही आहे आणि हलकंही.

‘रविवारी’ म्हणजे कधी? किती वेळ? कुठे? वेळ, जागा नसलेल्या बोलावण्यात सगळा हिशेब समोरच्यावर पडतो. घरी काय सांगायचं, किती वाजता परत यायचं हे तिला ठरवता येत नाही, मग उत्तर लांबतं. दिवस, तास, ठिकाण आणि भेट कधी संपेल, हे चारही मेसेजमध्ये असावं. संपायची वेळ लोक हमखास विसरतात. अर्धा-पाऊण तास म्हटलं की भेटीला एक काठ मिळतो. जेवण, सिनेमा, अक्कलकोट किंवा तुळजापूरला गाडीने जाऊन येणं हे पहिल्या भेटीला नकोच. त्यातून मधेच उठून निघता येत नाही.

‘मी घ्यायला येतो’ ही माझ्या मते त्या मेसेजमधली सगळ्यात जड ओळ. मदत म्हणून लिहिलेली असते, पण त्यात घराचा पत्ता द्यावा लागतो, आणि गाडीवर मागे बसून गावातून जावं लागतं. सोलापूर शहर मोठं असलं तरी नवी पेठेत किंवा पार्क चौकात कोणाची तरी मावशी, कोणाचे तरी सर भेटतातच. ज्याचं त्याने यावं, ज्याचं त्याने जावं. ती राहते त्याच भागातलं ठिकाणही सुचवू नका.

ठिकाणाची दुसरी चूक जास्त गंभीर आहे. आडोसा बरा, म्हणून काहीजण पडदे किंवा प्लायवूडचे कप्पे असलेला कॅफे निवडतात. पहिल्या भेटीला तिथे बोलावणं म्हणजे हेतूबद्दल शंका ओढवून घेणं, आणि अशा जागांवर पोलिसांची कारवाई होते ती वेगळीच. उजेड असलेली, कुटुंबंही येतात अशी, रस्त्याला लागून असलेली जागा घ्या. सिद्धेश्वर तलावाचा परिसर सुंदर आहे, पण तिथे अख्खी नातीगोती संध्याकाळी दर्शनाला येतात. चारचौघांत असणं आणि ओळखीच्या घोळक्यात सापडणं यात फरक आहे.

वेळेचंही तसंच. एप्रिल-मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या वर असतो, दुपारी तीनला कोणीही आनंदाने बाहेर पडत नाही. तेव्हा सहाच्या पुढे बोलवा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत घरी पाहुणे असतात, तेव्हा घाई नको. आणि विचारायचा मेसेज रात्री साडेअकराला पाठवू नका. तोच मजकूर संध्याकाळी आठला साधा वाटतो, मध्यरात्रीच्या सुमारास वेगळाच.

शेवटची ओळ, ‘नाही म्हणू नकोस’. ही काढून तिच्या जागी बरोबर उलटं लिहायचं. मात्र एकदाच. ‘नाही जमलं तरी चालेल, खरंच, वाईट वाटून घेऊ नकोस, मी समजू शकतो’ असं लांबवलं की तुम्हाला धीर द्यायचं काम तिच्याकडे जातं.

ती मुलगी ऑफिसच्या मशीनमधल्या कॉफीबद्दल नेहमी कुरकुर करायची. बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, हेही त्याच्या लक्षात होतं. शेवटी गेलेला मेसेज असा :

‘त्या मशीनच्या कॉफीवर उतारा म्हणून शनिवारी साडेपाचला सात रस्त्याकडे चांगली कॉफी घेऊया का? पाऊण तास. तुझ्याशी बोलायला छान वाटतं, प्रत्यक्ष भेटावंसं वाटलं. दुसरी जागा सोयीची असेल तर सांग, आणि नाही जमलं तरी काही हरकत नाही.’

त्यांची गप्पांमध्ये ‘अरे-तुरे’ होती म्हणून हा ‘तू’. तुमच्यात अजून ‘अहो-जाहो’ असेल तर बोलावण्याच्या मेसेजमध्ये एकदम ‘तू’ वर येऊ नका, एकाच वेळी दोन पायऱ्या होतात.

आता उत्तराकडे. ‘या शनिवारी नाही, पुढच्या आठवड्यात चालेल?’ हा होकारच आहे, लगेच नवीन वेळ ठरवा. ‘मैत्रिणीला घेऊन येऊ का?’ आलं तर बिनशर्त हो म्हणा. ‘घरी चालत नाही’ म्हणाली तर खोटं काय सांगायचं हे सुचवू नका, विषय तिथे थांबवा.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘बघू’चा होतो. त्याच्याबरोबर दुसरी वेळ आली नसेल, तर ते आत्ता तरी नाही असं धरा. ‘बरं, निवांत’ एवढं लिहा आणि नेहमीच्या विषयावर या. ‘मग काय ठरलं?’ हा दुसऱ्या दिवशीचा मेसेज अनेकांचं बिघडवतो, निळ्या टिका दिसल्यावर पाठवलेलं नुसतं प्रश्नचिन्हही तसंच. गप्पा पूर्वीसारख्या मोकळ्या राहिल्या आणि समोरूनही सुरू होत असतील, तर दोन-तीन आठवड्यांनी आणखी एकदा विचारता येतं. त्यानंतर नाही. स्पष्ट नकार आला तर पुन्हा विचारायचं नाही, कारणही विचारायचं नाही. गप्पाच आटल्या तर तेही उत्तर समजा.

त्या मुलाला ‘शनिवारी क्लास आहे, रविवारी सकाळी अकराला?’ असं उत्तर आलं. जागा तिने बदलली. मधल्या दिवसांत त्याने आठवण करून देणारे मेसेज पाठवले नाहीत. रविवारी साडेनऊला फक्त एक : ‘अकराला येतोय. तुझं नक्की ना?’ उत्तर आलं, ‘हो, दहा मिनिटं मागेपुढे.’ पाऊण तास झाल्यावर निघायचं त्यानेच काढलं.