हिरव्या पडद्यासमोर शूट करताय? या चुका टाळा

बारा फूट लांबीची खोली, मागे हिरवा कपडा, समोर शिकवणाऱ्या बाई. ऑनलाइन क्लासचे कितीतरी व्हिडिओ अशाच खोलीत शूट होतात. एडिटला बसलं की केसांभोवती हिरवी झालर दिसते, जबड्याची कड शेवाळी वाटते, आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. खरा दोष असतो अंतरात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे माणसाला कपड्याच्या दोन फुटांवर बसवणं. कपड्यावर पडलेला प्रकाश हिरवा होऊन परत फिरतो आणि मान, कानामागची बाजू, खांदे, केस यांवर पडतो. यालाच स्पिल म्हणतात. शिवाय चेहऱ्यासाठी लावलेल्या लाईटची सावली कपड्यावर पडते ती वेगळीच. म्हणून माणूस कपड्यापासून सहा फूट पुढे आणा. चेहऱ्याचे आणि कपड्याचे लाईट वेगळे ठेवा.

आता हिशोब करा. कपड्यापासून बाई सहा फूट, बाईंपासून कॅमेरा पाच फूट, म्हणजे अकरा फूट झाले. खोली पुरते. जागा कमी वाटली तर ट्रायपॉड दारात ठेवा, पण ते सहा फूट कमी करू नका. मात्र कपडा दूर गेला की तो फ्रेममध्ये लहान दिसतो. अकरा भागिले पाच म्हणजे साधारण सव्वादोन. बाईंचे हातवारे साडेतीन फुटांत मावत असतील, तर मागे कपडा जवळपास आठ फूट रुंद लागेल. त्याहून जास्त लावू नका. फ्रेमच्या कडेला उघडी भिंत दिसली तरी ती एडिटमध्ये मास्क लावून सहज कापता येते. हात तेवढा कपड्याबाहेर जाता कामा नये. कपडा जितका कमी, तितकं स्पिल कमी. पाय फ्रेममध्ये नसतील तर जमिनीवर हिरवा कपडा अंथरूच नका.

दुसरी चूक म्हणजे कपडा जास्त उजळणं. लखलखीत हिरवा चांगला, हा गैरसमज आहे. प्रकाश जास्त झाला की हिरवा रंग फिका पडतो आणि स्पिल वाढतं. कपडा चेहऱ्याइतकाच किंवा अर्धा ते एक स्टॉप कमी उजळ ठेवा; एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा. दोन सारखे एलईडी पॅनेल दोन्ही बाजूंनी तिरके लावा. कपडा ताणून बांधा आणि आधी इस्त्री करा, कारण प्रत्येक चुणीची सावली म्हणजे हिरव्याची एक वेगळी छटा. कॅमेऱ्यात झेब्रा, म्हणजे ठरावीक पातळीहून उजळ भागावर पट्टे दाखवणारी सोय असेल, तर त्याची पातळी हळूहळू खाली आणा. पट्टे सगळ्या कपड्यावर जवळपास एकदम उमटले तर उजेड सारखा आहे. मधेच उमटून कडा कोऱ्या राहिल्या, तर पॅनेल मागे सरकवा.

मग ही परीक्षा घ्या, ती मला कुठल्याही मीटरपेक्षा भरवशाची वाटते. चेहऱ्याचे लाईट बंद करा, फक्त कपड्याचे चालू ठेवा. माणूस काळ्या छायेसारखा दिसला पाहिजे. गालाच्या किंवा खांद्याच्या कडेला हिरवट चमक असेल, तर तेच तुमचं स्पिल. आता उलट करा: कपड्याचे लाईट बंद, चेहऱ्याचे चालू. कपड्यावर सावली दिसली तर समोरचा लाईट बाजूला किंवा वर घ्या.

कपड्यांचं भान शूटच्या आदल्या दिवशीच ठेवावं लागतं. हिरवा चुडा, हिरव्या काठांची पैठणी, पोपटी ओढणी यांना सॉफ्टवेअर पडदाच समजतं आणि मनगटाच्या जागी भोक पडतं. चुडा काढायला सांगू नका, निळा कपडा लावा. निळ्याला उजेड थोडा जास्त लागतो, कारण कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हिरवे बिंदू निळ्यांच्या दुप्पट असतात आणि निळ्या चॅनेलमध्ये नॉइज लवकर दिसतो.

कॅमेऱ्यात व्हाईट बॅलन्स ऑटोवर सोडू नका. फ्रेमभर हिरवं पाहून तो त्वचेला जांभळट छटा देऊ शकतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. हात वेगाने हलत असतील तर १/१०० बरा, कड कमी धूसर होते. शार्पनेस कमी करा, नाहीतर कडेला पांढरी रेघ येते. बहुतेक कॅमेरे चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद ठेवतात. म्हणून ४के मध्ये शूट करून १०८० मध्ये व्हिडिओ काढला की केसांच्या कडा जास्त स्वच्छ मिळतात.

एडिटमध्ये आधी मास्कने कडा कापा, मग की करा, म्हणजे पडद्याचा रंग सॉफ्टवेअरने काढून टाका, आणि चित्राऐवजी काळा-पांढरा मॅट पाहा. माणूस पूर्ण पांढरा, मागचं पूर्ण काळं, आणि फक्त केसांच्या टोकांना करडा रंग हवा. कॉन्ट्रास्ट ताणून केसांतला करडा घालवला की डोक्याला कात्रीने कापल्यासारखी कड येते. डीस्पिल शेवटी लावा. ते लाल-निळ्याच्या तुलनेत जास्त झालेला हिरवा कमी करतं, त्यामुळे जास्त ओढलं की कड काळपट होते आणि त्वचा राखाडी किंवा गुलाबी वाटते. तशी वेळ आली, तर सेट मोडण्याआधी माणूस आणखी एक फूट पुढे घेऊन छोटा टेस्ट शॉट काढा आणि तो तिथेच की करून बघा.