अंगठ्याला पुरेल अशी खालची पट्टी

कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळकडे शेतात वजन टिपून घेणाऱ्याचा एक हात गाठोड्यात अडकलेला असतो. मोबाइल चालतो तो दुसऱ्या हाताच्या अंगठ्यावर. त्याच्यासाठी अँड्रॉइड अ‍ॅप करताना खालच्या पट्टीतला आयकॉन 24 dp चाच ठेवा, पण दाबायची जागा किमान 48 dp उंच आणि रकान्याच्या पूर्ण रुंदीची करा. 360 dp रुंद स्क्रीनवर पाच बटणं घेतली तर प्रत्येकाला 72 dp मिळतात, चार घेतली तर 90. मी चारच घेईन. पट्टीखाली सिस्टिमच्या जेश्चरची जागा मात्र वेगळी सोडा, नाहीतर ‘वजन’ दाबताना अंगठा जरा वर सरकला की थेट होम स्क्रीन येते. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘Show layout bounds’ सुरू करून बघा. चौकट आयकॉनपुरतीच दिसली, तर दाबायची जागाही बहुधा तेवढीच आहे.