फोटोतली वारंवारता सारणी: मध्य आणि बहुलक काढण्याआधीची तयारी

क्लासच्या ग्रुपवर रात्री कुणीतरी वहीच्या पानाचा फोटो टाकतं आणि बाकीची मुलं लगेच गृहीतमध्य धरून गणित सुरू करतात. दहावीच्या सांख्यिकीतली सूत्रं अवघड नाहीत. उत्तर चुकतं ते बहुतेक वेळा फोटो वाचताना, आणि तशी चूक सूत्रात कुठेच दिसत नाही. म्हणून ही तयारी पेन उचलायच्या आधीपासूनची आहे.

उदाहरण म्हणून एकच सारणी घेऊ. घाटकोपरच्या एका वर्गातल्या ५० मुलांच्या पालकांना घरून कामावर पोहोचायला किती मिनिटं लागतात, हे विचारून सारणी केली आहे असं समजा. वर्ग आहेत २०–२९, ३०–३९, ४०–४९, ५०–५९ आणि ६०–६९. त्यांच्या वारंवारता अनुक्रमे ८, १२, १८, ९ आणि ३. खाली एकूण ५०.

सगळ्यात आधी फोटो मोठा करून रकान्याचं शीर्षक वाचा. फोटोत वरची ओळ अर्धी कापली गेलेली असते आणि रकाना वारंवारतेचा आहे की संचित वारंवारतेचा ते कळत नाही. आकडे वरून खाली फक्त वाढत गेले आणि शेवटचा आकडा एकूण संख्येइतकाच आला, जसं ८, २०, ३८, ४७, ५०, तर ती संचित वारंवारता आहे. मग प्रत्येक आकड्यातून त्याच्या वरचा आकडा वजा करून मूळ वारंवारता काढून घ्या.

त्यानंतर वर्गांच्या टोकांकडे बघा. अंधूक फोटोत २९ मधला ९ आणि ३० मधला ० ओळखणं कठीण जातं, आणि २०–२९ च्या जागी २०–३० वाचलं की पुढचं सगळं अर्ध्या मिनिटाने सरकतं: वर्गमध्य २४.५ ऐवजी २५, आणि शेवटी मध्य व बहुलक दोन्ही ०.५ ने जास्त. एका वर्गाच्या टोकाची खात्री होत नसेल तर बाकीचे वर्ग बघा. पाचांपैकी एक जरी स्पष्टपणे ३९ किंवा ४९ वर संपत असेल तर सगळे तसेच संपतात.

आता वारंवारता. कागदावर स्वच्छ उतरवा, बेरीज करा आणि छापलेल्या एकूण संख्येशी ताडून पाहा. एकच आकडा पुसट असेल तर ही बेरीज तो शोधून देते: बाकीचे १२, १८, ९ आणि ३ मिळून ४२, म्हणजे पुसट आकडा ८. पण या तपासणीवर डोळे मिटून विसंबू नका. आपल्या सारणीत पहिला आकडा ८ आहे आणि शेवटचा ३. ट्यूबलाइटची चमक दोन्हींवर पडली आणि कुणी पहिला ३ व शेवटचा ८ असं वाचलं, तर बेरीज तरीही ५० च येते. अशा वेळी दुसरा फोटो मागवणं हाच उपाय. संकोच करू नका, कारण मध्य त्यामुळे किती बदलतो ते आता दिसेलच.

वर्गमध्य २४.५, ३४.५, ४४.५, ५४.५ आणि ६४.५. गृहीतमध्य कोणताही चालतो, पण मधला आणि जास्त वारंवारतेचा घेतला की आकडे लहान राहतात. म्हणून A = ४४.५. विचलनं d = x − A अशी आली: −२०, −१०, ०, १०, २०. वारंवारतेने गुणल्यावर −१६०, −१२०, ०, ९०, ६०. ऋण आणि धन बेरजा वेगळ्या करा, म्हणजे चिन्हाची गडबड होत नाही: ऋण २८०, धन १५०, म्हणून Σfd = −१३०. त्याला ५० ने भागून विचलनांचा मध्य −२.६, आणि

```
मध्य = A + Σfd / Σf
```

म्हणजे ४४.५ − २.६ = ४१.९ मिनिटं. चिन्ह बरोबर आहे का हे सारणीकडे नुसतं बघूनही कळतं. मधल्या वर्गाच्या वर २० पालक आहेत आणि खाली १२, म्हणजे कमी वेळाकडे जास्त माणसं. वर्गही दोन्ही बाजूंना सारखेच दूर आहेत, तेव्हा मध्य ४४.५ पेक्षा कमीच यायला हवा. ४७.१ आलं असेल तर वजाबाकीऐवजी बेरीज झाली आहे. वेळ उरला तर A = ३४.५ घेऊन पुन्हा करा: Σfd = ३७०, त्याला ५० ने भागून ७.४, आणि ३४.५ + ७.४ = ४१.९. ही पडताळणी मला फार आवडते, पण ती आकडेमोड तपासते, फोटो नाही. ८ आणि ३ उलटे वाचले असतील तर कोणताही A घ्या, मध्य ४५.९ च येईल. चक्क ४ मिनिटांचा फरक, आणि वहीतली प्रत्येक पायरी बरोबर.

मध्यप्रमाण विचलन पद्धतीत विचलनांना १० ने भागलं असेल, तर शेवटी पुन्हा १० ने गुणायचं लक्षात ठेवा. नाहीतर ४४.५ − ०.२६ असं काहीतरी वहीत राहून जातं.

बहुलकासाठी मात्र नजर फोटोच्या वेगळ्या भागावर हवी. सूत्र असं:

```
बहुलक = L + [(f1 − f0) / (2f1 − f0 − f2)] × h
```

यात फक्त तीन वारंवारता लागतात: सर्वांत मोठी १८, तिच्या आधीची १२ आणि नंतरची ९. टोकाचे ८ आणि ३ उलटे वाचले तरी बहुलकाला धक्का लागत नाही. उलट, वर्ग सलग नाहीत याची मध्याला फिकीर नसते, कारण २०–२९ घ्या किंवा १९.५–२९.५, वर्गमध्य २४.५ च. बहुलकाला मात्र ती असते. म्हणून ४०–४९ चा आधी ३९.५–४९.५ करा. L = ३९.५ आणि h = १०. अंशात १८ − १२ = ६, छेदात ३६ − १२ − ९ = १५, आणि ६ ला १५ ने भागून १० ने गुणलं की ४. बहुलक ४३.५ मिनिटं. L = ४० घेतलं तर ४४ येतं, आणि h = ९ सुद्धा घेतलं तर ४३.६. दोन्ही उत्तरं इतकी जवळची आहेत की चूक असल्याची शंकाही येत नाही, म्हणून ही पायरी लिहूनच काढा.

उत्तर बहुलकीय वर्गात पडलं पाहिजे, आणि शेजाऱ्यांपैकी ज्याची वारंवारता जास्त त्याच्या बाजूला झुकलेलं असलं पाहिजे. इथे १२ हे ९ पेक्षा मोठे, म्हणून बहुलक ४४.५ च्या अलीकडे. छेद लिहिताना 2f1 मधला २ गळला तर तो १८ − २१, म्हणजे ऋण होतो आणि उत्तर वर्गाबाहेर जातं. बहुलक १८ असं लिहून मोकळं होणारेही असतात. १८ ही माणसं आहेत, मिनिटं नव्हेत.

सर्वांत मोठी वारंवारता पहिल्याच वर्गाची असेल तर f0 च्या जागी ० घ्या, शेवटच्या वर्गाची असेल तर f2 च्या जागी ०. आणि सूत्र लावण्याआधी सगळ्या वर्गांची रुंदी सारखी आहे ना ते बघा. फोटोत शेवटचा वर्ग ६०–७९ असा निघाला, तर मध्य काढता येतो, फक्त त्याचा वर्गमध्य ६९.५ धरायचा. पण सर्वांत मोठ्या वारंवारतेच्या वर्गाची किंवा त्याच्या शेजाऱ्याची रुंदी वेगळी असेल तर हे बहुलकाचं सूत्र तसंच वापरू नका.