हिंदीतला ‘चाहिए’: ‘ने’ कुठे अडकतो?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाला ‘मुझे चाय चाहिए’ शिकवावं लागत नाही. मराठीत ‘मला चहा पाहिजे’, कन्नडात ‘ननगे चहा बेकु’, साचा तोच. गडबड होते ती क्रियापद आल्यावर. मराठीत ‘त्याने जायला पाहिजे’ आणि कन्नडात ‘अवनु होगबेकु’, म्हणजे दोन्हीकडे ‘त्याला’ सुटतं. हिंदीत मात्र सुटत नाही: ‘उसे जाना चाहिए’. म्हणून ‘उसने जाना चाहिए’ म्हटलं, की मराठी माणूस लगेच ओळखू येतो.

दुसरी अडचण ‘जाना’, ‘लेना’ यांतल्या शेवटच्या ‘ना’ची. ‘त्याने औषध घ्यायला पाहिजे होतं’ हे हिंदीत नेऊन पाहा. ‘त्याने’चं ‘उसे’ करा. मग कर्म बघा: ‘दवा’ हिंदीत स्त्रीलिंगी, म्हणून ‘लेना’चं ‘लेनी’ आणि ‘था’चं ‘थी’ होतं: ‘उसे दवा लेनी चाहिए थी’. औषध आपल्याकडे नपुंसकलिंगी, त्यामुळे इथे कानावर भरवसा ठेवू नका. घेणारा बाई की पुरुष, याने फरक पडत नाही. कर्माला ‘को’ लागला, तर मात्र ‘ना’ जसाच्या तसा: ‘उसे इस दवा को लेना चाहिए था’.